पुराच्या बातमीनंतर मैत्रिणीचा फोन लागत नाही, तेव्हा

पत्र : माझी शाळेपासूनची मैत्रीण सांगलीत गावभागात एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर राहते. घरात सासूबाई आहेत, त्यांना इन्सुलिन चालू आहे, आणि एक लहान मुलगा आहे. नवरा नोकरीमुळे बाहेरगावी असतो. २०२१ च्या पुरात दोन दिवस तिच्याशी संपर्क झाला नाही. मी दिवसभर फोन लावत राहिले, आमच्या शाळेच्या ग्रुपवर तिचे नाव, पत्ता आणि नंबर टाकला, आणि पुढे तो निरोप कुठे कुठे फिरला हे मलाच कळले नाही. ती सुखरूप होती, पण नंतर म्हणाली, "तुम्हा सगळ्यांच्या फोननीच माझी बॅटरी संपली." तेव्हापासून मनाला लागून राहिले आहे. पुन्हा अशी वेळ आली तर मी गप्प बसायचे का? की काही करता येते? — एक वाचक, नागपूर

सप्रेम नमस्कार.

गप्प बसायचे नाही. मात्र काळजीच्या भरात आपण जे सर्वांत आधी करतो, म्हणजे फोन लावतो, ते पुराच्या पहिल्या दिवशी फारसे उपयोगाचे नसते. त्याआधी करण्याजोगे एक काम आहे आणि ते नागपुरात बसूनही नीट करता येते: तुमच्या मैत्रिणीच्या गल्लीत पाणी आहे की नाही, असल्यास किती आहे आणि ते चढते आहे की उतरते आहे, हे शोधून काढणे. हे कळल्याशिवाय तिच्या न लागणाऱ्या फोनचा काहीच अर्थ लावता येत नाही.

सांगलीच्या बाबतीत हे शोधणे इतर अनेक शहरांपेक्षा सोपे आहे, कारण तिथे कृष्णेची पातळी आयर्विन पुलाजवळ फुटांत मोजली जाते आणि पावसाळ्यात ती दिवसातून अनेकदा जाहीर होते. ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते. २०२१ च्या जुलैअखेरीस ते ५५ फुटांच्या आसपास पोहोचले. सांगलीत राहणाऱ्या माणसाला हे आकडे नुसते आकडे वाटत नाहीत, कारण किती फुटाला कोणत्या भागात पाणी येते हे प्रत्येकाला तोंडपाठ असते. आधी दत्तनगर, काकानगर, सूर्यवंशी प्लॉट असे नदीकाठचे सखल भाग पाण्याखाली जातात, मग पाणी मारुती चौकाकडे, गावभागाकडे, बाजारपेठेकडे सरकते, आणि विश्रामबागचा बराचसा भाग मोठ्या पुरातही कोरडा राहतो. म्हणून "सांगलीत पूर" ही बातमी वाचून घाबरण्याऐवजी एकच प्रश्न विचारा: आत्ता आयर्विनला किती फूट आहे, आणि मैत्रिणीच्या इमारतीच्या दारात किती फुटाला पाणी लागते? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर तिच्याकडून कोरड्या दिवसांत, आजच, घेऊन ठेवा. २०१९ ला आणि २०२१ ला पाणी जिन्याच्या कितव्या पायरीपर्यंत आले होते हे ती चटकन सांगेल.

पातळी शोधताना दोन ठिकाणी गल्लत होते. केंद्रीय जल आयोगाच्या पत्रकांत नदीची पातळी समुद्रसपाटीपासूनच्या मीटरमध्ये दिलेली असते, तिची आयर्विनच्या फुटांशी थेट तुलना करता येत नाही. त्यामुळे जिल्हा प्रशासन, महापालिका किंवा पाटबंधारे खात्याने फुटांत दिलेला आकडाच धरावा आणि त्यासोबतची वेळही पाहावी. दुसरी गल्लत चित्रफितींची. २०१९ ची दृश्ये पुढच्या प्रत्येक पुरात नव्याने फिरतात, आणि पाण्यात बुडालेली ओळखीची पाटी पाहिली की आपण तारीख पाहायला विसरतो. तारीख आणि वेळ नसलेली कोणतीही चित्रफीत मैत्रिणीच्या स्थितीचा पुरावा मानू नका.

सांगलीच्या पुराचा स्वभावही लक्षात घ्यायला हवा. कृष्णेचे पाणी सहसा भिंतीसारखे येत नाही. ते तासागणिक इंच-फुटांनी चढते. कोयनेतून सोडलेले पाणी सांगलीला पोहोचायला साधारण दिवसभर किंवा थोडे अधिक लागते, आणि वाटेतला पाऊस, वारणेचे पाणी यांनी त्यात भर पडते. याचा अर्थ असा, की पक्क्या बांधकामाच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या कुटुंबाला बहुतेक वेळा सावरायला अवधी मिळतो, आणि अशा घरातून उत्तर येत नसेल तर सर्वांत संभाव्य कारण वीज आणि मोबाईलचे जाळे हेच असते. पाणी शिरलेल्या भागाचा वीजपुरवठा सुरक्षिततेसाठी बंद केला जातो. मोबाईलचा टॉवर काही तास बॅटरीवर चालतो, मग जनित्रावर, आणि जनित्राला डिझेल पोहोचवणारा रस्ताच पाण्याखाली असेल तर तो टॉवरही बंद पडतो. २०१९ आणि २०२१ मध्ये कोल्हापूरजवळ शिरोली येथे पुणे-बंगळूर महामार्गच पाण्याखाली जाऊन बंद झाला होता. त्या काळात डिझेल असो वा दूध, कोणतीच गाडी वेळेवर पोहोचणे शक्य नव्हते.

पण हा हिशेब सांगलीचा आहे आणि तो जसाच्या तसा दुसऱ्या शहराला लावू नये. चिपळूणला २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी काही तासांतच शहरात चढले. सह्याद्रीच्या उतारावरून येणाऱ्या लहान लांबीच्या नदीला पाऊस आणि भरती दोन्ही एकदम भेटली, तर सावध व्हायला वेळच उरत नाही. तुमची दुसरी एखादी मैत्रीण तिथे असेल, तर सांगलीसाठी मी खाली सांगितलेले थांबण्याचे तास तिच्यासाठी नाहीत. तिथे तळमजल्यावरचे घर आणि रात्रीचा मुसळधार पाऊस एवढे कळले, तरी मदतयंत्रणेला कळवायला तेवढे पुरे आहे.

आता निरोपाबद्दल. फोन करू नका, एसएमएस पाठवा. यामागचे कारण साधे आहे. बोलण्यासाठी जाळ्यातील एक मार्गिका सतत मोकळी लागते, आणि पुराच्या दिवशी उरलेल्या एक-दोन टॉवरांवर सारे गाव एकाच वेळी बोलू पाहत असते. एसएमएस मात्र कंपनीच्या केंद्रात साठून राहतो आणि समोरचा फोन जाळ्यात क्षणभर जरी आला तरी पोहोचतो. तो पोहोचायला तिने फोन उचलावा लागत नाही. शिवाय वाजणारा प्रत्येक फोन पडदा उजळवतो, थरथरतो आणि बॅटरी खातो. मैत्रीण तुम्हाला म्हणाली ते अक्षरशः खरे होते. व्हॉट्सॲपवर अवलंबून राहू नये, कारण त्याला इंटरनेट लागते, आणि कमकुवत जाळ्यात बोलणे व एसएमएस चालू असूनही इंटरनेट बंद असू शकते. काही फोनवर साधा संदेशही आपोआप इंटरनेटच्या 'चॅट'मधून जातो; तुमच्या फोनच्या संदेशांच्या सेटिंगमध्ये ती सोय बंद करून ठेवा, म्हणजे निरोप एसएमएस म्हणूनच जाईल.

एसएमएस देवनागरीत लिहिताना एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. रोमन लिपीत एका एसएमएसमध्ये १६० अक्षरे मावतात, देवनागरीत फक्त ७०, आणि त्यात काना, मात्रा, वेलांटी, हलन्त हे सारे वेगवेगळे मोजले जातात. त्याहून लांब निरोप तुकड्यांनी जातो आणि गर्दीच्या जाळ्यात एखादा तुकडा मागे राहिला की समोर अर्धवट वाक्य किंवा काहीच दिसत नाही. म्हणून "कशी आहेस, खूप काळजी वाटते, टीव्हीवर पाहिले, काही लागले तर सांग" असे लिहू नका. असे लिहा:

"१ घरी ठीक २ बाहेर पडलो ३ मदत हवी. फक्त आकडा पाठव."

हा निरोप एका एसएमएसमध्ये मावतो. त्याचे उत्तर एका आकड्याचे आहे. ते साध्या बटणाच्या फोनवरून, अंधारात, मुलाला कडेवर घेऊनही देता येते. सासूबाईंकडे असा साधा फोन असेल तर त्याही क्रमांकावर हाच निरोप पाठवा, कारण त्या फोनची बॅटरी स्मार्टफोनपेक्षा कितीतरी जास्त टिकते. एकदा पाठवून झाला की थांबा. तोच निरोप दर पाच मिनिटांनी पाठवण्याने तो लवकर पोहोचत नाही.

उत्तर येईपर्यंत फोनवर दिसणाऱ्या खुणा वाचता येतात, पण त्या जपून वाचाव्यात. व्हॉट्सॲपवर एकच टिक दिसत असेल तर तुमचा निरोप तिच्या फोनवर पोहोचलेला नाही, एवढेच कळते. पहाटे चार वाजता ती एकाची दोन झाली, तर त्या वेळी तिचा फोन चालू होता आणि त्याला इंटरनेट मिळाले, हे कळते; ही छोटी पण खरी बातमी आहे, तिची वेळ लिहून ठेवा. "आपण संपर्क करत असलेला क्रमांक बंद आहे" आणि "व्याप्ती क्षेत्राबाहेर आहे" या दोन घोषणांत मात्र फार अर्थ शोधू नये. टॉवर बंद पडल्यावर सुरुवातीला एक आणि काही वेळाने दुसरी ऐकू येऊ शकते, फोन धारकाच्या हातात सुरक्षित असला तरीही. "आधी रेंज नव्हती, आता बंद येतोय, म्हणजे फोन पाण्यात पडला" असा निष्कर्ष काढून रडारड झालेली घरे मी पाहिली आहेत.

तिच्या बाजूनेही एक गोष्ट ठरवून ठेवता येते. रेंज शोधत राहणारा फोन सर्वांत वेगाने बॅटरी संपवतो. म्हणून तिने फोन विमान मोडवर ठेवावा आणि ठरलेल्या वेळांना, समजा सकाळी आठ, दुपारी दोन आणि रात्री आठ वाजता, दहा मिनिटांसाठी सुरू करावा. तुम्हाला या वेळा माहीत असतील तर मधल्या सहा तासांची शांतता तुम्हाला छळणार नाही. आपत्तीच्या काळात सरकारच्या सूचनेवरून मोबाईल कंपन्या कधी कधी एकमेकांच्या ग्राहकांना आपले टॉवर वापरू देतात. २०२३ मध्ये गुजरातला बिपरजॉय वादळाच्या वेळी अशी सोय झाली होती. तशी घोषणा झाल्यास तिने फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन नेटवर्क हाताने निवडून पाहावे. हेही एसएमएसने कळवता येते.

एवढे करूनही उत्तर आले नाही तर चौकशी कोणाकडे करायची? शाळेच्या ग्रुपवर नव्हे. ग्रुपवरची माणसे नागपूर, पुणे, मुंबईत बसलेली असतात आणि तुमच्याइतकीच अंधारात असतात. चौकशी त्यांच्याकडे करावी ज्यांना तिची इमारत डोळ्यांनी दिसू शकते किंवा जे चालत तिथवर जाऊ शकतात: त्याच इमारतीतले शेजारी, इमारतीचे सेक्रेटरी, समोरचा औषधदुकानदार, दूधवाला, मुलाच्या शाळेतील शिक्षक, विश्रामबाग किंवा मिरजेत राहणारे तिचे नातेवाईक. तिच्या नवऱ्याला मात्र सर्वांत आधी विचारा. बहुतेक वेळा त्याला काही तरी कळलेले असते आणि ते मित्रमंडळींपर्यंत पोहोचलेले नसते. वयस्क माहेरच्यांना "ती सापडत नाही" असे कळवण्याची घाई करू नका. ती सापडत नाही असे झालेले नसते, तिचा फोन लागत नाही एवढेच झालेले असते, आणि या दोन वाक्यांत त्यांच्या रक्तदाबाचा प्रश्न असतो.

२०२१ मधलेच एक उदाहरण सांगते, कारण त्यात दोन उपयोगी गोष्टी आहेत. पुण्यातील एका गृहस्थांचा मित्र मारुती चौकाजवळ एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर राहत होता. शुक्रवारी, २३ जुलैला संध्याकाळी त्याचा शेवटचा निरोप आला: "पार्किंगमध्ये पाणी आले आहे, आम्ही वर आहोत." शनिवारी दिवसभर काहीच नाही. या गृहस्थांनी एक चांगले काम केले: त्यांनी मित्राच्या सहा-सात परिचितांना गोळा करून सांगितले की चौकशी आपल्यापैकी एकच जण करील, बाकीच्यांनी कळेल ते फक्त त्याला कळवायचे. त्यांनी एका वहीच्या पानावर वेळेनुसार नोंदी केल्या. कोणाशी बोललो, त्याने स्वतः पाहिले की दुसऱ्याकडून ऐकले, हेही लिहिले. दुपारी मिरजेतील एका परिचिताने सांगितले, की त्या इमारतीतील लोकांना बोटीने काढल्याचे ऐकले आहे. मग निवारा केंद्रांत चौकशी सुरू झाली आणि दोन केंद्रांवरून उत्तर आले की या नावाचा कोणी माणूस इथे नाही. रात्र फार वाईट गेली. रविवारी सकाळी कळले की तो पहिल्याच केंद्रात होता. सगळे त्याला ज्या नावाने हाक मारत ते टोपणनाव होते, आधार कार्डावरचे नाव वेगळे, आणि केंद्राच्या यादीत पूर्ण कुटुंबाची नोंद त्याच्या वडिलांच्या नावाने झाली होती.

यातून तुम्ही करायचे काम असे: मैत्रिणीचे कागदोपत्री असलेले पूर्ण नाव, नवऱ्याचे पूर्ण नाव, सासूबाईंचे पूर्ण नाव आणि वय, हे सारे आज लिहून घ्या. लग्नाआधीचे आडनावही लिहा, कारण शाळेच्या मैत्रिणी तिला अजून त्याच आडनावाने ओळखत असतील आणि चौकशी करताना तेच तोंडात येईल. पत्ता लिहिताना नुसते "गावभाग" पुरत नाही. इमारतीचे नाव, कोणत्या गल्लीत, कोणत्या मंदिराजवळ किंवा दुकानाजवळ, कितवा मजला, जिन्याचे तोंड कोणत्या बाजूला आहे, हे लिहा. पाण्यात बोट चालवणारा माणूस बाहेरगावचा असू शकतो. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या तुकड्या पुण्याहून किंवा आणखी दुरून येतात आणि बुडालेल्या गल्लीत त्यांना घरक्रमांक दिसत नाही. इमारतीला रंगाची, गच्चीवरच्या टाकीची किंवा मोबाईल टॉवरची ओळख असेल तर तीच उपयोगी पडते.

मदतयंत्रणेला केव्हा कळवायचे, यात माझे मत स्पष्ट आहे. आकडा ३ आला, तर एक क्षणही थांबू नका. शेवटच्या निरोपात पाणी जिन्यावर चढत असल्याचे, भिंतीला तडा गेल्याचे, कोणाला दम लागल्याचे असेल, तर उत्तराची वाट न पाहता कळवा. घर तळमजल्यावर असेल किंवा मातीच्या भिंतींचा जुना वाडा असेल, तर तिथेही थांबू नका, कारण पाण्यात दोन दिवस भिजलेली मातीची भिंत पाणी उतरताना कोसळू शकते. गावभागात असे वाडे अजून आहेत. तुमच्या मैत्रिणीची इमारत पक्की आहे, ती दुसऱ्या मजल्यावर आहे आणि सगळे धडधाकट आहेत असे असेल, तर पाणी चढत असताना तिच्या ठरलेल्या दोन वेळा कोऱ्या गेल्या, शेजाऱ्यांकडूनही काही कळले नाही, म्हणजे मग कळवावे. पाणी उतरत असेल तर एक दिवस थांबायला हरकत नाही.

इन्सुलिनचा मुद्दा मी मुद्दाम वेगळा काढते, कारण "सासूबाईंना इन्सुलिन आहे आणि वीज गेली आहे" या वाक्याने दूर बसलेल्या माणसाच्या पोटात गोळा येतो. वापरायला काढलेली इन्सुलिनची बाटली किंवा पेन फ्रीजबाहेर, साधारण ३० अंशांखालच्या तापमानात, बहुतेक प्रकारांत सुमारे चार आठवडे चांगले राहते. आपल्या प्रकाराची नेमकी मुदत वेष्टनावर असते आणि ती डॉक्टरांकडून एकदा खात्री करून घ्यावी. पावसाळ्यातील सांगलीची हवा त्या मानाने थंडच असते. म्हणजे वीज गेल्याने औषध लगेच वाया जात नाही. खरी अडचण औषध किंवा सुया संपण्याची आणि वेळेवर खायला न मिळाल्याने साखर एकदम खाली जाण्याची असते. म्हणून विचारायचे ते हे: "औषध किती दिवसांचे आहे? खायला आहे का?" याउलट घरात कोणी डायलिसिसवर किंवा प्राणवायूच्या यंत्रावर असेल, तर तिथे तास मोजलेले असतात. अशा घरासाठी पातळी इशाऱ्याकडे जाऊ लागली तेव्हाच त्यांना उंच भागात हलवण्याचा आग्रह धरावा. पाणी आल्यावर कळवणे हे उशिराचे आहे.

कळवायचे कुठे? जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाचा क्रमांक १०७७ असतो. तो तुम्ही नागपुरातून नुसता लावलात तर नागपूरच्या कक्षाला लागेल. म्हणून त्याआधी सांगलीचा एसटीडी संकेतांक ०२३३ लावावा. ११२ हा आपत्कालीन क्रमांक राज्यात कोठूनही लावला तरी महाराष्ट्राच्याच यंत्रणेकडे जातो, पण पहिल्याच वाक्यात "मदत सांगली शहरात हवी आहे, मी नागपुरातून बोलते आहे" असे सांगा. दुसऱ्या राज्यातून ११२ लावला तर तो त्या राज्याकडे जातो, आणि परदेशातून हे लघुक्रमांक सहसा लागतच नाहीत. अमेरिकेत किंवा आखातात असलेल्या मित्रांनी महाराष्ट्रातील एका माणसाला हे काम सोपवावे. महापालिकेच्या अग्निशमन दलाचा आणि आपत्ती कक्षाचा क्रमांक पावसाळ्याच्या सुरुवातीला प्रसिद्ध होतो, तोही घेऊन ठेवा.

बोलताना भावना बाजूला ठेवून या क्रमाने सांगा: पूर्ण पत्ता आणि खूण, मजला, किती माणसे, त्यांत वृद्ध व मूल, आजार आणि औषध, शेवटचा संपर्क किती वाजता झाला आणि त्यात काय म्हटले होते, पाणी घरापासून किती अंतरावर होते, त्यांच्याकडचे चालू असलेले क्रमांक. फोन घेणाऱ्याचे नाव आणि नोंदीचा क्रमांक विचारून लिहून घ्या. दुसऱ्यांदा फोन करताना तोच क्रमांक सांगा, म्हणजे नवी नोंद होणार नाही.

इथेच तुमच्या शाळेच्या ग्रुपचा प्रश्न येतो. एका घरासाठी दहा मैत्रिणींनी दहा वेळा कळवले, तर कक्षाच्या नोंदवहीत कधी कधी ती दहा घरे होतात. पत्ता थोडा वेगवेगळा सांगितला गेला असेल तर ती एकच आहेत हे ओळखणे अवघड असते. बोटी मोजक्या असतात. ज्या घरातून लोक आधीच बाहेर पडले आहेत त्या घराकडे गेलेली बोट दुसऱ्या एखाद्या छपरावर थांबलेल्या माणसाला मिळत नाही. म्हणून दोन गोष्टी कटाक्षाने पाळा: कळवणारी व्यक्ती एकच असावी, आणि मैत्रीण सुखरूप असल्याचे कळताच तिने त्याच नोंदीचा क्रमांक देऊन मदतीची विनंती रद्द करावी. दुसरी गोष्ट जवळपास कोणीच करत नाही. आनंदाच्या भरात आपण ग्रुपवर हात जोडलेले चित्र टाकतो आणि नियंत्रण कक्ष तिला शोधतच राहतो.

नाव, पत्ता, मोबाईल क्रमांक असलेला निरोप सार्वजनिक फिरवू नये, याचे आणखी एक कारण आहे. नवरा बाहेरगावी असलेल्या आणि बंद असलेल्या घराचा पत्ता अनोळखी लोकांपर्यंत जातो, आणि त्या क्रमांकावर मदतीच्या नावाखाली पैसे मागणारे फोनही येऊ शकतात. ग्रुपवर एवढेच लिहिणे पुरे: "तिच्याबद्दलची चौकशी मी करते आहे. कोणाला तिच्या इमारतीजवळ राहणारे कोणी माहीत असेल तर मला वैयक्तिक कळवा. तिला फोन करू नका." आणि काही कळले की त्याच ठिकाणी वेळेसह लिहा.

बोटीबद्दल एक गंभीर गोष्ट. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे पुरातून बाहेर पडणाऱ्या लोकांची बोट उलटली आणि त्यात डझनाहून अधिक जणांचा जीव गेला. बोटीत तिच्या क्षमतेपेक्षा पुष्कळ जास्त माणसे होती. अशा दुर्घटनेची बातमी आली की आपण ज्यांना ज्यांना ओळखतो त्या सर्वांना फोन लावत सुटतो. त्याऐवजी गावाचे नाव नीट वाचा, नदीचा कोणता काठ, कोणता तालुका हे पाहा. ब्रह्मनाळ हे सांगली शहर नव्हे, आणि शहरातील तुमच्या मैत्रिणीचा त्या बोटीशी संबंध असण्याची शक्यता फार थोडी. मात्र त्या दुर्घटनेतून तिला सांगण्यासारखे काही आहे: मिळेल त्या बोटीत घाईने चढण्याचा आग्रह तुम्ही दुरून करू नका. पक्क्या इमारतीत वरच्या मजल्यावर पिण्याचे पाणी आणि औषध असेल, तर जीवरक्षक जॅकेट देणाऱ्या बोटीची वाट पाहणे गच्च भरलेल्या होडीत चढण्यापेक्षा सुरक्षित असते. तिथली परिस्थिती तिला आणि बचाव पथकाला दिसते, आपल्याला दिसत नाही.

तिला आणायला स्वतः निघू नका, हेही सांगून ठेवते. नागपूरहून निघालेली गाडी जिथे अडकेल तिथे तुमचीच चौकशी कोणाला तरी करावी लागेल.

शेवटी तिचे उत्तर येईल. ते बहुधा एका आकड्याचे किंवा "ठीक. लाइट नाही" एवढ्याच अक्षरांचे असेल. त्यावर लगेच फोन करून सारी हकीकत विचारण्याचा मोह आवरा. "कळले. नवऱ्याला कळवते. उद्या ८ ला" एवढे पाठवा आणि ठरल्याप्रमाणे बाकीच्यांना कळवा. निरोप पोहोचवण्याचे काम तुम्ही उचलले, तर तिला पन्नास जणांना तेच तेच सांगावे लागत नाही, आणि माझ्या मते दूरच्या मैत्रिणीने करण्यासारखी सर्वांत मोठी मदत हीच आहे.

पाणी उतरल्यावर मात्र फोन करा. त्या दिवसांत बातम्या संपलेल्या असतात आणि तिचे कष्ट सुरू झालेले असतात: जिन्यातला आणि पार्किंगमधला गाळ, बंद पडलेली पाण्याची मोटर, भिजलेले मीटर. तेव्हा विचारा, की चिखलात काम करताना पायाला जखम झाली आहे का, ताप आला आहे का. पुराच्या चिखलातून लेप्टोस्पायरोसिस होऊ शकतो आणि ताप आल्यास डॉक्टरांना "मी पुराच्या पाण्यात उतरले होते" हे सांगणे आवश्यक असते. इमारतीचे मीटर तपासून घेतल्याशिवाय मुख्य बटण चालू करू नये, हेही तिला सांगा.

या आठवड्यात तिला एक निवांत फोन लावा आणि एका कागदावर इतके उतरवून घ्या: सर्वांची कागदोपत्री नावे, पत्ता खुणेसह, पाणी दारात येण्याची पातळी, फोन सुरू करण्याच्या तीन वेळा, सासूबाईंच्या औषधाचे नाव, आणि इमारतीतील एका शेजाऱ्याचा व मिरज-विश्रामबागेतील एका नातेवाइकाचा क्रमांक. त्या दोघांनाही आधीच सांगून ठेवायला तिला सांगा, की पाणी चढले तर नागपूरहून एकाच व्यक्तीचा फोन येईल आणि ती तुम्ही असाल.